हा एक की नऊ?

बचत गटाच्या बैठकीत वहीत आकडा पडतो तेव्हा तो वाचून बघायची गरज कुणालाच वाटत नाही. पैसे सगळ्यांसमोर मोजलेले असतात. मंगलमावशीनं शेळीसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता भरला, व्याज दिलं, उशिरा आलेल्या वहिनीनं दंड टाकला, हे बारा जणींनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. अडचण उभी राहते दहा दिवसांनी. तेच पान तालुक्याच्या गावी कुणाच्या तरी मोबाइलवर उघडतं आणि आकडे अॅपमध्ये भरायला बसलेल्या मुलीला ना मंगलमावशी माहीत असते, ना शेळी. तिच्यापुढे फक्त शाईची वळणं असतात. त्यातलं एक वळण एकाचं आहे की नऊचं, हे तिनं कुणाला विचारायचं?

गटाच्या बायकांशी वह्यांबद्दल बोलायला जाते तेव्हा मी याच प्रश्नापासून सुरुवात करते. बोलणं अर्ध्या तासाच्या आतलं असतं. महिन्याची बैठक उरकली, वही अजून मध्ये उघडी आहे, चहा यायचा आहे, तेवढ्या वेळात होतं. वेगळं प्रशिक्षण, फळा, खुर्च्या काही लागत नाही. गटाची आजचीच वही, एक मोबाइल आणि एक कोरा कागद पुरतो.

गावात गटाची पानं कोण कोण वाचतं, हे आधी सांगावं लागतं. ‘उमेद’मधल्या गटांचे व्यवहार आता लोकोस अॅपमध्ये भरावे लागतात. पुष्कळ ठिकाणी वही गावात असते आणि भरणारी व्यक्ती दुसरीकडे, म्हणून सीआरपी ताई पानांचे फोटो काढून पाठवतात. ग्रामसंघाचा हिशेब ठेवणारी ताई तेच फोटो बघते. वर्षाअखेरी लेखापरीक्षण होतं, तेव्हा वही आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेवून ताळा बघतात. शिवाय बँक आहे. १९९२ साली नाबार्डनं पाचशे गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून बँका गटाला तारण न मागता कर्ज देत आल्या आहेत. तारण नाही, म्हणून अधिकारी गटाच्या वह्याच चाळतात: बैठका वेळेवर झाल्या का, बचत सगळ्यांची आली का, आतलं कर्ज परत आलं का. या सगळ्यांतले बहुतेक जण गावाबाहेरचे असतात.

आता आकड्यांकडे येऊ. मी कोऱ्या कागदावर मराठी एक काढते आणि कागद फिरवते. मग त्याच्या शेजारी इंग्रजी नऊ काढते. घाईत काढलेल्या मराठी १ चा वरचा गोल पूर्ण बंद झाला आणि शेपूट सरळ खाली आलं, की तो इंग्रजी 9 होतो. फरक उरत नाही. मराठी ७ आणि इंग्रजी 6 यांचीही तीच गत. मराठी ४ ची वरची टोकं एकमेकांना चिकटली की इंग्रजी 8 तयार होतो. मराठी ५ आणि वरून उघडा काढलेला इंग्रजी 4 तर जुळी भावंडं वाटावीत इतके सारखे दिसतात. शून्य, दोन आणि तीन दोन्हीकडे जवळपास एकच असल्यानं त्यांचा त्रास नाही. म्हणजे धोका चार जोड्यांचा आहे, आणि तो दोन्ही लिप्या एकाच पानावर आल्या तरच. पूर्ण पान मराठी आकड्यांत असेल तर वाचणारीचा डोळा मराठीवर बसतो. पूर्ण इंग्रजीत असेल तर इंग्रजीवर. गोंधळ मिसळीचा.

मिसळ होते कशी, तेही बघण्यासारखं आहे. सचिव ताई मराठी शाळेत शिकलेली, तिचा हात मराठी आकड्यांवर बसलेला. बैठकीला बऱ्याचदा तिची कॉलेजात जाणारी मुलगी बसते आणि बचतीचा रकाना भरून देते, तो इंग्रजीत. कर्जाचं व्याज मात्र सचिव ताई स्वतः हिशेब करून घालते, ते मराठीत. दोघींचंही अक्षर चांगलं असतं. पान छान दिसतं. आणि तेच पान चुकीचं वाचलं जातं.

अशा एका पानाचा हिशेब मी बायकांसमोर मांडते. माझा रचलेला आहे, पण आकडे कुठल्याही गटात असतात तसेच. गटात बारा जणी, बचत महिना शंभर रुपये. सगळ्यांची आली, म्हणून बचत १२०० रुपये. चार नंबरच्या सभासदाचं दहा हजारांचं कर्ज होतं, तीन हप्ते फिटले, सात हजार बाकी. या महिन्यात तिनं हजार रुपये मुद्दल आणि शेकडा दोनच्या दरानं १४० रुपये व्याज भरलं. नऊ नंबरच्या सभासदाची तीन हजार बाकी होती, तिनं पाचशे मुद्दल आणि ६० रुपये व्याज दिलं. एकीचा दंड दहा रुपये. तेव्हा मुद्दल १५००, व्याज २००, दंड १०, आणि बचतीसह एकूण जमा २९१० रुपये. हातात आधीची ३५० रुपये शिल्लक होती. सगळे मिळून ३२६० झाले, त्यातले ३००० बँकेत भरले, २६० पेटीत राहिले.

पान तालुक्याला गेलं. तिथं मुलीनं व्याजाचे १४० हे ९४० असे वाचले आणि तसेच भरले. पडद्यावर एकूण जमा ३७१० आली, पानावर लिहिलेली २९१०. फरक आठशेचा. आता फोन सुरू होतात. सचिव ताई म्हणते आमचे पैसे बरोबर आहेत, तालुका म्हणतो ताळा लागत नाही, आणि मध्ये सीआरपी ताई सापडते. गटातल्या एखादीच्या मनात येऊन जातं की आठशे रुपये गेले कुठं. पैसे कुठंही गेलेले नसतात. पण शंका आली की ती बैठकीत बसते, आणि तिला उठवायला फार वेळ लागतो.

हा आठशेचा फरक स्वतःच बोलतो. नवातून एक वजा केला की आठ. तेव्हा ताळ्यात नेमका ८, ८० किंवा ८०० चा फरक दिसला, तर आधी त्या घरातले मराठी एक शोधायचे: आठशे असेल तर शेकड्याच्या घरात, ऐंशी असेल तर दहाच्या. वरच्या पानावर बचत इंग्रजीत आहे, म्हणून शेकड्याच्या घरात मराठी एक एकाच ठिकाणी सापडतो, चार नंबरच्या व्याजात. दोन मिनिटांत चूक हाती येते. फरक ९, ९०, २७० असा नऊनं भाग जाणारा असेल, तर बहुतेक वेळा आकड्यांची अदलाबदल झालेली असते, ५४० च्या जागी ४५०, किंवा एखादं शून्य जास्त पडलेलं असतं, ५० चे ५००. मला ही युक्ती बायकांना सांगायला फार आवडतं, कारण ती ऐकताच कुणीतरी मागच्या महिन्याची वही काढते. मात्र ती खूण आहे, पुरावा नाही. दोन वेगवेगळ्या चुका एका पानावर असतील तर त्यांचे फरक एकमेकांत मिसळतात आणि युक्ती चालत नाही. शेवटी पानावरचा प्रत्येक आकडा पैशाशी पडताळावाच लागतो.

चूक पकडायला आणखी एक गोष्ट मदत करते, ती म्हणजे प्रत्येक रकान्याखालची बेरीज. पुष्कळ वह्यांत पानाच्या तळाशी फक्त एकूण जमा लिहिलेली असते. व्याजाच्या रकान्याखाली २०० लिहिलेले असते, तर ९४० आणि ६० मिळून हजार होतात हे भरणाऱ्या मुलीला तिथंच दिसलं असतं. तिला गटाला फोनही करावा लागला नसता. आडवी बेरीज प्रत्येक सभासदाच्या ओळीची, उभी बेरीज प्रत्येक रकान्याची, आणि दोन्ही बेरजा कोपऱ्यात एकाच आकड्यावर यायला हव्यात. कोपऱ्यातली ती एकूण रक्कम अक्षरीही लिहावी: दोन हजार नऊशे दहा. अक्षरात एकाचा नऊ होत नाही.

मग लिपी कोणती धरायची? तालुक्याला इंग्रजी सोपं जातं, कारण अॅपमध्ये आकडे इंग्रजीत भरायचे असतात आणि पासबुकही इंग्रजी आकड्यांत छापून येतं. तरी माझं मत वेगळं आहे. गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईला जे आकडे वाचता येतात, ते धरावेत. बैठकीत वही फिरते तेव्हा स्वतःच्या ओळीतली रक्कम वाचून ‘होय, मी एवढेच दिले’ म्हणणारी ती पहिली तपासनीस आहे, आणि तिलाच आकडा कळला नाही तर पुढच्या सगळ्या तपासण्या उशिराच्या. मराठी ठरलं तर मुलीनंही वहीत मराठीच लिहायचं. इंग्रजी ठरलं तर सचिव ताईनं व्याजही इंग्रजीत घालायचं. जे ठरेल ते वहीच्या पहिल्या पानावर एका ओळीत लिहून ठेवावं, म्हणजे सचिव बदलली तरी पुढची ताई तेच चालवते आणि वाचणाऱ्यालाही कळतं.

मराठी ठरलेल्या गटाला मी चार आकडे सावकाश काढायला लावते. एकाचं शेपूट थोडं बाकदार. चाराची वरची दोन्ही टोकं लांब ठेवायची, चिकटू द्यायची नाहीत. पाचाची उभी रेघ खालपर्यंत न्यायची. साताचं आतलं वळण मोकळं ठेवायचं, गोल बंद करायचा नाही. आकड्याची उंची ओळीच्या निम्म्याहून जास्त हवी. वहीच्या ओळी साधारण आठ मिलिमीटरवर असतात, तेव्हा चार-पाच मिलिमीटरचा आकडा. पुढे फोटोचा विषय निघतो तेव्हा या मिलिमीटरांना महत्त्व येतं.

पानावरच्या बाकीच्या सवयींपैकी रिकाम्या चौकटीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. समजा सात नंबरची बाई बैठकीला आली नाही आणि तिची चौकट मोकळी राहिली. दोन महिन्यांनी बघणाऱ्याला काय कळणार? पैसे आले नाहीत, की आले पण लिहायचे राहिले, की पुढच्या महिन्यात मिळून आले? मोकळ्या चौकटीत नंतर कुणीही काहीही लिहू शकतं, हीसुद्धा गोष्ट आहेच. म्हणून पैसे आले नाहीत तर शून्य घालायचं आणि शेऱ्यात ‘गैरहजर, बाकी १००’ लिहायचं. पुढच्या महिन्यात तिनं दोनशे दिले तर शेऱ्यात ‘मागील १०० सह’. रकान्यात एकाखाली एक तीच रक्कम असली, की काही जणी दोन छोट्या रेघा काढून ‘वरीलप्रमाणे’ दाखवतात. रकमेच्या रकान्यात हे नको. फोटोत त्या रेघा अकरासारख्या दिसतात.

चुकीची दुरुस्ती करताना एक आडवी रेघ मारायची, जुना आकडा खालून वाचता आला पाहिजे, वर नवा आकडा आणि शेजारी सही. आकड्यावर आकडा गिरवला की पाचाचा आठ होतो, आठाचा काहीच होत नाही, आणि फोटोत एक काळा ठिपका उरतो. पांढरी शाई तर अजिबात नको. खालचा आकडा का लपवला, या प्रश्नाला मग उत्तर राहत नाही. पेन साधं बॉलपेन, निळं किंवा काळं. जेलपेनचं अक्षर सुबक येतं, पण पावसाळ्यात ओल्या हाताची बोटं लागली की पसरतं. पेन्सिल खोडता येते म्हणून हिशेबाला चालत नाही, आणि तिचा शिसा उजेडात चमकतो म्हणून फोटोलाही.

पानाच्या डोक्यावर गटाचं नाव, गाव, बैठकीची तारीख आणि पान क्रमांक. हे रोजचं वाटतं आणि म्हणूनच राहून जातं. पण फोनवर आलेल्या पानाला कव्हर नसतं. एका सीआरपीकडे दहा-पंधरा गट असतात, प्रत्येकाची पानं दिसायला सारखी, आणि दोन गटांची नावं सावित्री असू शकतात. नाव फोटोच्या बाहेर राहिलं तर पान पोरकं होतं. दोन सुनीता असतील तर नावापेक्षा सभासद क्रमांक भरवशाचा, म्हणून क्रमांकाचा रकाना कधी सोडू नये. पान क्रमांक वही कोरी असतानाच पहिल्यापासून शेवटपर्यंत घालून टाकावेत. मधलं पान नाहीसं झालं तर लगेच दिसतं.

इथवर आलं की मी मोबाइल हातात घेते. फोटो म्हटलं की बायकांना वाटतं, फोन चांगला हवा. साध्या फोननंही पान स्वच्छ येतं. बिघडवणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात. पहिली म्हणजे भिंग. स्वयंपाक करून आलेल्या हातानं फोन उचलला की मागच्या छोट्या काचेवर तेलाचं बोट उमटतं आणि सगळा फोटो धुक्यातला येतो. मऊ सुती कापडानं, पदराच्या कोरड्या टोकानं ती काच पुसली की निम्मा दोष जातो.

दुसरी गोष्ट उजेड. बैठका पुष्कळदा संध्याकाळी होतात, डोक्यावर एकच बल्ब. त्याच्याखाली वही ठेवून बाई वर वाकली की तिच्याच डोक्याची सावली आकड्यांवर पडते. सावली टाळायला फ्लॅश लावला तर पानाच्या मधोमध पांढरा डाग येतो. पासबुकावर प्लास्टिक असेल तर आकडेच दिसत नाहीत. याला उपाय एकच, फोटो सकाळी काढायचा. वही पडवीत किंवा दारात, थेट उन्हात नाही पण उजेडात जमिनीवर सपाट ठेवायची. उजेड डावीकडून किंवा उजवीकडून यावा आणि आपण त्याच्या आड येऊ नये. वही मध्ये फुगते, तिथले आकडे वाकडे होतात, म्हणून एकीनं दोन्ही कडा दाबून धरायच्या. बोटं तारखेवर आणि बेरजेवर येऊ द्यायची नाहीत.

तिसरी गोष्ट फोनचा कल. बसल्या जागेवरून तिरका फोन धरला की पानाची जवळची बाजू मोठी आणि स्पष्ट, लांबची बाजू लहान आणि अस्पष्ट येते. दुर्दैवानं ती लांबची बाजू बऱ्याचदा बेरजेच्या रकान्याची असते. उभं राहून, फोन पानाच्या बरोबर वर, पानाला समांतर धरायचा. पानाच्या चारही कडा चौकटीत दिसल्या पाहिजेत आणि त्या चौकटीला समांतर दिसल्या पाहिजेत. मग पडद्यावर रकमेच्या रकान्याला एकदा बोट लावायचं, चित्र स्थिर होऊ द्यायचं, आणि श्वास धरून बटण दाबायचं.

एका फोटोत एकच पान. इथं बायका वाद घालतात, आणि घालू द्यावा. दोन्ही पानं एकदम आली तर काम लवकर होतं, हे खरंच आहे. तेव्हा मी आकडेमोड करून दाखवते. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो लहान करून जातो, लांब बाजूला सुमारे सोळाशे ठिपके उरतात. फोटो म्हणजे शेवटी रंगीत ठिपक्यांची जाळी. वहीचं पान साधारण तेहेतीस सेंटिमीटर उंच. ते चौकटभर आलं तर एका सेंटिमीटरला अठ्ठेचाळीस ठिपके पडतात, आणि चार मिलिमीटरच्या आकड्याच्या वाट्याला एकोणीस. एकोणीस ठिपक्यांत एकाचा गोल आणि शेपूट वेगळं दिसतं. आता दोन पानं घेतली, भोवती सतरंजी आणि दोघींचे पाय आले, म्हणजे पान चौकटीच्या निम्म्यात बसलं. आकड्याच्या वाट्याला नऊ-दहा ठिपके. तेवढ्यात गोल बुजतो, चाराची टोकं चिकटतात. आणि आकडा मुळातच दोन मिलिमीटरचा लिहिला असेल तर चार-पाच ठिपके, म्हणजे काहीच नाही. तालुक्याच्या मुलीनं पडद्यावर कितीही मोठं केलं तरी गेलेले ठिपके परत येत नाहीत, फक्त चौकोन मोठे होतात.

म्हणून पाठवतानाही बघावं लागतं. फोटो निवडल्यावर वर HD असं बटण दिसतं, ते दाबलं की फोटो कमी दबतो. त्याहून चांगलं म्हणजे फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवणं, मग तो जसा काढला तसाच जातो. मात्र तो तीन-चार एमबीचा असतो. रेंज नसलेल्या वस्तीवर तासभर अडकून बसतो, आणि समोरच्या ताईला फाइल उघडायची सवय नसेल तर ती तशीच पडून राहते. तिला आधी विचारून घ्यावं. रेंज कमी असेल तर एक पान, चौकटभर, HD, एवढ्यानं काम भागतं. कुणी पाठवलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवणं टाळावं, प्रत्येक वेळी ठिपके आणखी कमी होतात.

आणि पाठवण्याआधी वाचून बघणं. हेच मी प्रत्यक्ष करून घेते. सचिव ताई वही हातात धरते. फोन देते तिच्यापासून लांब बसलेल्या, लिहिण्यात हात नसलेल्या एखादीकडे. ती पडद्यावर दोन बोटांनी पान मोठं करते आणि मोठ्यानं वाचते: आधी चारही कोपरे, मग व्याजाचा रकाना, मग तळाची बेरीज. कोपरे आधी, कारण फोन तिरका असला की धूसरपणा तिथं सुरू होतो. मधला आकडा स्वच्छ दिसतो म्हणून फोटो चांगला असं होत नाही. सचिव ताई वहीवर बोट ठेवून जुळवत जाते. ‘चार नंबर, व्याज नऊशे चाळीस,’ असं वाचलं गेलं की सगळ्या हसतात, आणि ‘अगं, एकशे चाळीस आहे ते,’ असं सचिव ताई म्हणते. ते वाक्य तालुक्याला ऐकू जात नाही. मग त्या आकड्यावर तिथंच आडवी रेघ, वर नीट काढलेला आकडा, सही, आणि फोटो पुन्हा.

फोटो कधी काढायचा याचंही भान हवं. बेरजा झाल्या, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या झाल्या, त्यानंतरच. बेरीज व्हायच्या आधी काढलेला फोटो पुढे गेला आणि मग वहीत दुरुस्ती झाली, तर एकाच पानाच्या दोन कहाण्या तयार होतात. नंतर दुरुस्ती करावीच लागली तर नवा फोटो पाठवून जुना पुसायला सांगावं. सभासदांचे आधार क्रमांक आणि बँक खात्याचे क्रमांक असलेलं पान मोठ्या ग्रुपवर टाकू नये. ते ज्या एका ताईला हवं तिलाच द्यावं, आणि आधारचे पहिले आठ आकडे कागदानं झाकून द्यावेत.

बोलणं संपत आलं की हमखास एक प्रश्न येतो: मागची पानं खराब झालीत, ती नव्या वहीत उतरवून काढू का? उतरवू नयेत. नव्या सुबक वहीत एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेले दोन वर्षांचे हिशेब बघितले की तपासणाऱ्याला आधी संशय येतो, आणि उतरवताना नव्या चुका पडतात त्या वेगळ्याच. जुनं पान आहे तसं ठेवायचं. न कळणाऱ्या आकड्यापुढे त्या सभासदाचं स्वतःचं पासबुक ठेवायचं, बँकेच्या पासबुकातली त्या तारखेची भरणा रक्कम बघायची, कर्ज असेल तर बाकीवरून व्याज काढून बघायचं. सात हजारांवर शेकडा दोननं एकशे चाळीसच येतात, नऊशे चाळीस येत नाहीत. तिन्हींतून आकडा पक्का झाला की पानाच्या समासात तो अक्षरी लिहायचा, आजची तारीख घालायची, आणि ज्या सभासदाची रक्कम आहे तिची सही घ्यायची. पक्का झाला नाही तर समासात तसंच लिहायचं, ‘आकडा वाचता येत नाही’, आणि तो विषय पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात घ्यायचा.